जनावरांची कानबिल्ला नोंदणी आणि दूध संस्थेचे सभासदत्व

जनावरांची कानबिल्ला नोंदणी म्हणजे गाय, म्हैस, बैल इत्यादी जनावरांच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला लावून त्या क्रमांकाखाली जनावराची व त्याच्या मालकाची माहिती शासनाच्या संगणकीय नोंदवहीत घालण्याची पद्धत होय. ग्रामीण बोलीत तिला ‘टॅग मारणे’ किंवा ‘बिल्ला मारणे’ असे म्हणतात. महाराष्ट्रात दूध उत्पादकाचा संबंध अशा तीन नोंदींशी येतो. जनावराची नोंद पशुसंवर्धन विभागाकडे, सभासदाची नोंद गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेकडे आणि खात्याची नोंद बँकेकडे असते. तिन्ही नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी राखल्या जातात. एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी आपोआप दुरुस्त होत नाही. दुधाचे नेहमीचे बिल मिळण्यास या विसंगतीची अडचण सहसा येत नाही, परंतु शासकीय अनुदान देताना तिन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि तेथे नावांतील फरक उघडा पडतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील प्रक्रिया व २०२४ सालच्या गायदूध अनुदानाचे उदाहरण दिले आहे.

## पार्श्वभूमी

भारतात जनावरांना एकमेव क्रमांक देण्याचे काम राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने विकसित केलेल्या ‘इनाफ’ या संगणकप्रणालीद्वारे सुरू झाले. २०१९ साली लाळ्या-खुरकूत व सांसर्गिक गर्भपात या रोगांविरुद्ध राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम हाती घेण्यात आला. लस कोणत्या जनावराला दिली हे कळण्यासाठी प्रत्येक जनावराला क्रमांक असणे आवश्यक ठरले आणि बिल्ले लावण्याच्या कामाला त्यामुळे वेग आला. पुढे ‘इनाफ’ची जागा ‘भारत पशुधन’ या प्रणालीने घेतली.

महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीला व वाहतुकीला मनाई केली. नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्यांचा हल्ला यांमुळे जनावर दगावल्यास भरपाईसाठीही बिल्ल्याची अट घालण्यात आली.

## बिल्ला लावणे

बिल्ला पिवळ्या रंगाचा व लवचिक प्लॅस्टिकचा असून त्यावर १२ अंकी क्रमांक व पट्टीसंकेत छापलेला असतो. त्याचे दोन भाग असतात. एका भागाला टोकदार खुंटी असते, तर दुसऱ्या भागाला ती अडकवण्याचे भोक असते. खास चिमट्याने दोन्ही भाग कानाच्या पाळीतून एकमेकांत बसवले जातात. एकदा बसलेला बिल्ला कापल्याशिवाय निघत नाही, म्हणून तो दुसऱ्या जनावराला वापरता येत नाही.

हे काम पशुवैद्यकीय दवाखान्यातील पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक किंवा विभागाने नेमलेला प्रशिक्षित कर्मचारी करतो. जनावर खोड्यात घेऊन किंवा मोहरकीला घट्ट धरून त्याचे डोके स्थिर करतात. कानातील कूर्चेच्या दोन आडव्या कण्यांमधील मऊ जागा बोटाने चाचपून पाहतात आणि रक्तवाहिनी टाळून कानाच्या साधारण मध्यावर बिल्ला बसवतात. बिल्ला कानाच्या कडेला लागल्यास तो काटेरी कुंपणात किंवा गव्हाणीच्या कठड्यात अडकतो आणि कान फाटून गळून पडतो. दोन भागांमध्ये पुरेशी सैल जागा न राहिल्यास कानावर दाब येऊन सूज येते. लहान वासराचा कान पुढे जाड होत असल्याने त्याच्या बाबतीत ही काळजी अधिक घ्यावी लागते.

बिल्ला लावण्यापूर्वी खुंटीला व कानाला जंतुनाशक लावतात. त्यानंतर सुमारे आठ-दहा दिवस मालकाने कानाकडे लक्ष ठेवणे इष्ट असते. जनावर सारखा कान झटकत असेल, कान गरम लागत असेल, पू किंवा दुर्गंध येत असेल तर जखम चिघळली आहे असे समजावे. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसून अळ्या पडतात. अशा वेळी बिल्ला ओढून काढू नये व पशुवैद्यकाकडून जखम साफ करून घ्यावी.

## क्रमांकाखालील नोंद

केवळ बिल्ला कानात बसल्याने नोंदणी पूर्ण होत नाही. क्रमांक प्रणालीत भरून त्याखाली जनावराची जात, लिंग, वय, वेत, गाभण असल्यास तो तपशील आणि मालकाचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक व आधार क्रमांक यांची नोंद करावी लागते. लसीकरणाच्या मोहिमेत एका दिवसात अनेक गोठे करायचे असल्याने काही ठिकाणी बिल्ले आधी लावले जातात व माहिती नंतर भरली जाते. अशा वेळी कानात बिल्ला असूनही प्रणालीत त्या क्रमांकाखाली काहीच नसणे, एखादा अंक चुकणे किंवा गोठ्यात त्या क्षणी हजर असलेल्या व्यक्तीचेच नाव मालक म्हणून लागणे, असे दोष राहू शकतात.

नोंद झाली आहे किंवा नाही हे कानाकडे पाहून ओळखता येत नाही. त्यासाठी दवाखान्यात जाऊन १२ अंकी क्रमांक सांगावा आणि त्याखाली कोणाचे नाव दिसते ते पाहून घ्यावे. क्रमांक तोंडी सांगण्याऐवजी बिल्ल्याचे स्पष्ट छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवणे सोयीचे असते.

बिल्ला गळून पडल्यास नवा बिल्ला लावून जुना क्रमांक बदलल्याची नोंद करून घ्यावी लागते. असे केल्यास लसीकरण, कृत्रिम रेतन व वेतांचा पूर्वीचा इतिहास नव्या क्रमांकाला जोडलेला राहतो. जुना क्रमांक न सांगता जनावराची नव्याने नोंद केल्यास एकाच जनावराच्या दोन नोंदी तयार होतात व जुनी नोंद मालकाच्या नावावर तशीच पडून राहते. जनावर विकले किंवा दगावले तरी त्याची नोंद करणे याच कारणासाठी आवश्यक असते.

बाजारातून आणलेल्या जनावराच्या कानात बिल्ला असल्यास त्याखाली विक्रेत्याचे नाव असते. खरेदीची पावती खरेदीदाराकडे असली तरी तिच्यामुळे प्रणालीतील नाव बदलत नाही. पावती व दोघांचा तपशील दवाखान्यात देऊन मालकी हस्तांतराची नोंद करावी लागते. उलटपक्षी, बिल्ल्याखाली नाव असणे म्हणजे खरेदीखत नव्हे. ती ओळखीची नोंद आहे. मालकीचा वाद झाल्यास पावती व इतर पुरावा लागतोच.

## दूध संस्थेचे सभासदत्व

महाराष्ट्रातील सहकारी दूध व्यवसायाचा पाया म्हणजे गावपातळीवरील प्राथमिक दूध उत्पादक सहकारी संस्था होय. अशा संस्था तालुका किंवा जिल्हा दूध संघाच्या सभासद असतात. १९६३ साली स्थापन झालेला आणि ‘गोकुळ’ या नावाने परिचित असलेला कोल्हापूर जिल्ह्याचा संघ हे त्याचे एक ठळक उदाहरण आहे. शेतकरी हा सामान्यतः जिल्हा संघाचा नव्हे, तर गावच्या संस्थेचा सभासद असतो.

संस्थेत दूध घालणे आणि संस्थेचा सभासद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दूध घालू लागलेल्या प्रत्येकाला संकलनासाठी एक उत्पादक क्रमांक मिळतो. यंत्रावर वजन, फॅट व एसएनएफ मोजले की त्या क्रमांकावर पावती निघते. एसएनएफ म्हणजे दुधातील स्निग्धांश वगळता उरणारे घन पदार्थ. या पावतीमुळे बिल मिळते, परंतु मतदानाचा हक्क मिळत नाही. तो हक्क भाग घेऊन व प्रवेश मंजूर होऊन सभासद झालेल्यालाच असतो.

सभासदत्वासाठी संस्थेच्या विहित नमुन्यात अर्ज करावा लागतो. त्यासोबत ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, प्रवेश फी व भागाची रक्कम द्यावी लागते. या रकमा आणि किती दिवस व किती दूध घातले पाहिजे याच्या अटी प्रत्येक संस्थेच्या उपविधीत असतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी उपविधी पाहणे योग्य ठरते. अर्ज सचिवाकडे दिल्यावर त्याची पोच घ्यावी, कारण पुढील मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. व्यवस्थापक समितीच्या सभेत अर्जावर निर्णय होतो. प्रवेश मंजूर झाल्यावर सभासद नोंदवहीत नाव लागते व भाग दाखला मिळतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २२ नुसार प्रवेश नाकारल्यास त्याची कारणे अर्जदाराला कळवावी लागतात. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत कोणताच निर्णय कळवला नाही तर अर्जदाराला सभासद करून घेतले आहे असे मानले जाते. प्रवेश नाकारल्यास कलम २३ नुसार दोन महिन्यांच्या आत निबंधकाकडे अपील करता येते. दूध संस्थांसाठी ही कामे सहायक निबंधक, सहकारी संस्था (दुग्ध) यांच्या कार्यालयाकडे असतात.

अर्जदाराने आपल्याला कोणत्या प्रकारचे सभासदत्व दिले जात आहे हेही पाहावे. नाममात्र सभासदाला संस्थेच्या नफ्यात किंवा मालमत्तेत वाटा मिळत नाही. पूर्ण सभासदाला भाग कितीही असले तरी एकच मत असते. वर्षअखेर घातलेल्या दुधाच्या प्रमाणात मिळणारा ‘दूध फरक’ आणि भागांवर मिळणारा लाभांश या वेगळ्या रकमा आहेत. पहिली दुधाशी व दुसरी भागभांडवलाशी निगडित असते.

## बँक खाते

दुधाचे बिल सामान्यतः दहा दिवसांनी निघते. त्यातून पशुखाद्य, उचल, भागांची कपात इत्यादी रकमा वजा होऊन उरलेली रक्कम सभासदाच्या खात्यावर जमा होते. यासाठी संस्थेला खाते क्रमांक व बँक शाखेचा आयएफएससी संकेतांक द्यावा लागतो. हा संकेतांक ११ चिन्हांचा असून त्यातील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. तेथे इंग्रजी ‘ओ’ अक्षर लिहिणे ही वारंवार होणारी चूक आहे. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुन्या पासबुकावरील संकेतांक कालबाह्य झालेला असू शकतो, म्हणून अलीकडचे पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश देणे सुरक्षित ठरते.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. गावातील पतसंस्था ही बँक नव्हे. संस्थेने दुधाचे बिल पतसंस्थेच्या खात्यावर जमा करण्याची सोय केलेली असली तरी शासनाचे अनुदान बँक खात्यातच येते. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, ग्रामीण बँक, राष्ट्रीयीकृत बँक इत्यादींचे खाते त्यासाठी चालते.

‘आधार जोडणे’ या शब्दांचेही दोन अर्थ होतात. बँकेने ओळख पटवण्यासाठी आधारची प्रत घेणे हा पहिला अर्थ. आधार क्रमांकावर येणारे शासकीय पैसे कोणत्या बँकेत जमा करायचे याची राष्ट्रीय देयक महामंडळाकडे नोंद करणे हा दुसरा. आधार क्रमांकावर पाठवलेली रक्कम ज्या बँकेची जोडणी शेवटी केलेली असेल तेथे जाते. त्यामुळे सभासदाने संस्थेला एक खाते दिले आणि दरम्यान दुसऱ्या एखाद्या योजनेसाठी दुसऱ्या बँकेत आधार जोडले, तर पैसे त्या दुसऱ्या बँकेत पडतात आणि सभासद पहिल्या पासबुकात त्यांची वाट पाहत राहतो. तसेच सलग दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय ठरते. ते पुन्हा सुरू करण्यासाठी शाखेत ओळखपत्रे द्यावी लागतात.

## उदाहरण : २०२४ चे गायदूध अनुदान

गायीच्या दुधाचे दर घसरल्यामुळे महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये प्रतिलिटर ५ रुपये अनुदान जाहीर केले. ते प्रथम ११ जानेवारी ते १० फेब्रुवारी या कालावधीसाठी होते व नंतर १० मार्चपर्यंत वाढवण्यात आले. ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ या दर्जाच्या दुधाला खरेदीदाराने किमान २७ रुपये दर देणे आणि तो बँक खात्यावर जमा करणे आवश्यक होते. उत्पादकाचे बँक खाते त्याच्या आधार क्रमांकाशी व जनावराच्या कानातील बिल्ल्याशी जोडलेले असावे, अशीही अट होती.

या अटीचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक कुटुंब घेऊ. त्यांच्याकडे दोन संकरित गायी असून दोन्ही वेळचे मिळून रोज १८ लिटर दूध संस्थेत जाते. दुधाचा दर्जा ठरलेल्या प्रमाणाइतका आहे. पहिली गाय घरच्याच पैदाशीची असून तिचा बिल्ला २०२१ च्या लसीकरणात सासऱ्यांच्या नावे लागला आहे. सासरे पुढे वारले. दुसरी गाय बाजारातून घेतलेली असल्याने तिच्या बिल्ल्याखाली विक्रेत्याचे नाव आहे. संस्थेत सभासद सून आहे. तिचे बँक खाते लग्नापूर्वी उघडलेले असल्याने त्यावर माहेरचे आडनाव आहे, तर आधारवर सासरचे.

या घरात दुधाचे बिल दर दहा दिवसांनी बिनचूक जमा होत होते, कारण संस्थेला केवळ उत्पादक क्रमांक व खाते क्रमांक पुरेसा असतो. अनुदानाची यादी भरताना मात्र सभासदाच्या नावावर एकही गाय नाही, असे चित्र उभे राहते. पहिल्या ३१ दिवसांत त्यांनी ५५८ लिटर दूध घातले. त्याचे अनुदान २,७९० रुपये होते. पुढच्या २९ दिवसांचे ५२२ लिटर दुधाचे २,६१० रुपये होतात. म्हणजे १,०८० लिटर दूध प्रत्यक्ष घालूनही ५,४०० रुपये केवळ नावांच्या विसंगतीमुळे अडकतात.

अशा स्थितीत दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा असतो. प्रथम बँकेत विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल देऊन खात्यावरील नाव आधारप्रमाणे करावे आणि आधारची जोडणी याच खात्याशी आहे का ते विचारावे. मग दवाखान्यात जाऊन पहिल्या गायीची मालकी मृत्यूच्या दाखल्याच्या आधारे व दुसरीची खरेदीच्या पावतीच्या आधारे सुनेच्या नावे करून घ्यावी. शेवटी संस्थेच्या सचिवाकडे दोन्ही १२ अंकी क्रमांक, खाते व आधार यांची माहिती पुन्हा भरून घ्यावी. संस्थेने जुनी माहिती आधीच पुढे पाठवलेली असल्यास केवळ दवाखान्यातील नोंद बदलून उपयोग होत नाही. नाव जुळत नाही म्हणून गायींना नवे बिल्ले लावून घेणे हा उपाय नव्हे. त्यामुळे प्रत्येक गायीच्या दोन नोंदी होऊन गोंधळ वाढतो.

हेच अनुदान जुलै २०२४ पासून पुन्हा सुरू झाले, तेव्हा किमान दर ३० रुपये व अनुदान ५ रुपये होते. ऑक्टोबर २०२४ पासून ते अनुक्रमे २८ व ७ रुपये झाले. नोंदी वेळीच दुरुस्त केलेल्या उत्पादकाला प्रत्येक टप्प्यावर कागदपत्रे नव्याने जमवावी लागत नाहीत.

## वारसा व नामनिर्देशन

सभासदाच्या मृत्यूनंतर तिन्ही नोंदी स्वतंत्रपणे बदलाव्या लागतात. संस्थेतील भागांसाठी केलेले नामनिर्देशन बँक खात्याला लागू होत नाही आणि बँकेतील नामनिर्देशन भागांना लागू होत नाही. बिल्ल्याच्या नोंदीत नामनिर्देशनाऐवजी मालकी हस्तांतरच करावे लागते. घरातील दुसऱ्या व्यक्तीने मृत सभासदाच्याच उत्पादक क्रमांकावर दूध घालत राहणे ही गावोगावी दिसणारी सवय आहे. त्यामुळे बिल मृत व्यक्तीच्या खात्यावर जमा होत राहते आणि बँकेला मृत्यू कळताच ते खाते थांबते. म्हणून नव्या व्यक्तीने स्वतःच्या नावे क्रमांक घेऊन दूध घालावे आणि भाग हस्तांतरासाठी अर्ज करावा.

## मर्यादा

संकलन केंद्रावर दूध गायीनिहाय नव्हे, तर घरानिहाय मोजले जाते. चरवीत दोन-तीन गायींचे दूध एकत्र आलेले असते. त्यामुळे बिल्ल्याचा क्रमांक आणि पावतीवरील लिटर यांचा संबंध प्रत्यक्ष मोजणीतून नव्हे, तर उत्पादकाने दिलेल्या माहितीतून जोडला जातो. नोंदीवरून एवढेच पडताळता येते, की त्या व्यक्तीच्या नावावर दुभती जनावरे आहेत आणि त्यांच्या संख्येच्या मानाने घातलेले दूध संभवनीय आहे. आटलेली किंवा विकलेली गाय नोंदीत दुभती म्हणूनच राहिली असेल तर ही पडताळणीही चुकते. वेत, आटणे, विक्री व मृत्यू यांची नोंद जितकी अद्ययावत असेल तितकाच बिल्ल्याचा पुरावा विश्वसनीय ठरतो.